एपिक, स्टोरी, टास्क आणि बग

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूत प्रत्येक कामाची जिरासारख्या प्रणालीत नोंद होते आणि ती करतानाच कामाचा प्रकार निवडावा लागतो. एपिक, स्टोरी, टास्क आणि बग हे त्यांतले नेहमीचे चार प्रकार. नवख्याला ही लहानमोठ्या आकारांची उतरंड वाटते, पण ते खरे नाही. जिरामध्ये एपिक तेवढे वरच्या पायरीवर असते. उरलेले तिन्ही एकाच पायरीवर येतात आणि त्यांच्यातला फरक कामाच्या स्वरूपाचा असतो.

बसच्या तिकीट आरक्षणाचे एक ॲप घेऊ. ‘तिकीट रद्द करणे व परतावा’ हे त्यातले एपिक. दोन आठवड्यांच्या एका स्प्रिंटमध्ये ते संपत नाही, म्हणून त्याखाली अनेक लहान कामे लावली जातात.

त्यांतली एक स्टोरी अशी: ‘प्रवासी म्हणून मला तिकीट ॲपवरूनच रद्द करता यावे, म्हणजे खिडकीवर जावे लागणार नाही.’ कोणाला, काय आणि कशासाठी हे तिन्ही त्यात आले. तिच्यासोबत स्वीकृतीचे निकषही लिहिलेले असतात: बस सुटण्याच्या चार तास आधीपर्यंतच तिकीट रद्द होईल आणि आसन लगेच दुसऱ्याला मिळू शकेल. निकष नसलेली स्टोरी म्हणजे नुसती इच्छा. ती पूर्ण झाली की नाही, यावर शेवटी वादच होतो.

परताव्यासाठी बँकेच्या यंत्रणेत चाचणी खाते उघडणे हे टास्क. काम आवश्यक आहे, पण ते झाल्याने प्रवाशाला ॲपमध्ये काहीच वेगळे दिसत नाही. अशा कामालाही ओढूनताणून ‘प्रवासी म्हणून मला...’ अशी सुरुवात जोडण्याची खोड अनेक चमूंना असते. त्यातून काही साधत नाही. स्क्रमच्या पुस्तकांत मात्र टास्क हा बहुधा स्टोरीचाच तुकडा असतो. जिरात त्या तुकड्याला सबटास्क म्हणतात.

खरी ओढाताण बगवरून होते. सुविधा प्रवाशांच्या हाती गेल्यावर, तिकीट रद्द करूनही आसन भरलेलेच दिसत असेल, तर तो बग. कारण ठरलेला निकष मोडला. त्याच्या नोंदीत काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले आणि ॲपची आवृत्ती कोणती, एवढे तरी हवेच. ‘रद्द होत नाही’ एवढ्यावर प्रोग्रामरला काही शोधता येत नाही. हाच दोष स्टोरीचे काम चालू असताना सापडला, तर अनेक चमू त्याची वेगळी नोंद करत नाहीत, कारण स्टोरीच अजून अपुरी असते.

परताव्याचा संदेश मराठीत येत नाही, ही तक्रारही बग म्हणून येते. मराठी संदेशाचे आधी काही ठरलेच नसेल, तर ती तक्रार कितीही रास्त असली तरी तिची नोंद नवी स्टोरी म्हणूनच करावी लागते.