वाटाणा : गोडी आणि हिरवेपणाचा हिशेब

हिवाळ्यात वाटाणा स्वस्त झाला की घरोघर एकच तक्रार ऐकू येते. शेंग सोलताना दाणा हिरवागार असतो, आणि भाजी ताटात येईपर्यंत त्याचा रंग शेवाळी होऊन जातो. त्यावर उपायही ठरलेले आहेत. रंगासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा आणि गोडीसाठी चिमूटभर साखर. या दोन चिमटींची गरज मुळात का पडते, आणि त्या न टाकता दाणा हिरवा व गोड कसा राहतो, हे या लेखात पाहायचे आहे. रंग आणि गोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ठिकाणी बिघडतात आणि म्हणून त्यांचे उपायही वेगळे आहेत. गोडी बहुतेक वेळा चुलीपर्यंत पोहोचण्याआधीच गेलेली असते. रंग मात्र चुलीवरच जातो.

आधी गोडीचे पाहू. आमचे धनज कारंजा तालुक्यात. इथल्या शेतात सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभरा. वाटाणा कुणी लावलाच तर घरापुरता. बाजारात येतो तो बाहेरून. थंडीतला बराच माल जबलपूरकडून नागपुरात उतरतो आणि तिथून अमरावती, कारंजा असा पुढे सरकतो. जबलपूर ते नागपूर हेच अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. त्यात तोडणी, मंडी आणि आठवडी बाजार यांचा वेळ मिळवला, की आपल्या पिशवीत पडणारी शेंग एक-दोन दिवसांची झालेली असते.

हे दिवस महत्त्वाचे, कारण शेंग तोडली तरी दाणा जिवंत असतो. तो श्वसन करतो, त्यात साखर खर्च होते, आणि उरलेल्या साखरेपासून तो स्टार्च म्हणजे पिष्ट तयार करत राहतो. झाडावर असताना पानांकडून नवी साखर येत होती, आता ती येत नाही. ही क्रिया उष्णतेत वेगाने आणि थंडीत सावकाश होते. उन्हात पसरलेल्या ढिगातली शेंग एका दिवसात गोडीचा मोठा भाग गमावते. म्हणून बाजारातून आणलेल्या शेंगा पिशवीसकट स्वयंपाकघरात ठेवून दुसऱ्या दिवशी सोलण्यापेक्षा, त्याच दिवशी सोलून शिजवाव्यात. जमले नाही तर न सोलता फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

सगळ्या वाटाण्यांची गोडी मुळात सारखी नसते, हेही ध्यानात ठेवायला हवे. ग्रेगोर मेंडेल यांनी आपल्या १८६६ च्या प्रसिद्ध निबंधात गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा असा भेद केला होता. हा भेद कशामुळे पडतो, ते १९९० मध्ये नीट उलगडले. सुरकुतलेल्या जातीत स्टार्च बनवणारे एक विकर बिघडलेले असते, त्यामुळे साखर साखरच राहते. अशा दाण्यात कोवळेपणी पाणी जास्त असते आणि वाळताना तो आक्रसतो. आपल्याकडे भाजीसाठी लावल्या जाणाऱ्या अर्केल आणि बोनव्हिल या दोन्ही जाती सुरकुतलेल्या दाण्याच्या आहेत. उसळीसाठी मिळणारा वाळका पांढरा वाटाणा गोल दाण्याचा. तो रात्रभर भिजवून कितीही फुगवला, तरी ओल्या दाण्याची गोडी त्यात येणार नाही, कारण ती तिथे साठलेलीच नसते.

आता रंगाकडे वळू. वनस्पतींचा हिरवा रंग हरितद्रव्याचा म्हणजे क्लोरोफिलचा. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले, की हा मॅग्नेशियम निघून जातो आणि त्याची जागा हायड्रोजन घेतो. रंग शेवाळी, तपकिरीकडे झुकणारा होतो. आपण आंबट काहीच घातले नसले तरी हे घडते, कारण दाण्याच्या पेशींतच सौम्य आम्ले असतात. कच्च्या दाण्यात ती हरितद्रव्यापासून वेगळी राहतात. शिजताना पेशी फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात.

उकळत्या पाण्यात दाणे पडताच पहिल्या मिनिटात ते उलट अधिकच हिरवे दिसतात. पेशींमधल्या फटींतली हवा निघून गेल्यामुळे आतला रंग स्पष्ट दिसू लागतो. ही उत्तम अवस्था काही मिनिटे टिकते. साधारण पाच ते सात मिनिटांनंतर रंग उतरणीला लागतो. सगळी युक्ती या वेळेत काम उरकण्याची आहे.

घरी करून पाहता यावे म्हणून मी केलेला एक साधा पडताळा सांगतो. एकाच ढिगातले पाव किलो दाणे मी चार वाट्यांत विभागले. पहिली वाटी उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, तीन मिनिटे. दुसरी तशीच, पण दोन चमचे टोमॅटोचा रस घालून दहा मिनिटे. तिसरी सोडा घातलेल्या पाण्यात. चौथी कुकरमध्ये, दोन शिट्ट्या. पहिल्या वाटीतले दाणे हिरवेगार, आणि दाबले की सहज चेपणारे पण अख्खे राहिले. दुसऱ्या वाटीतल्यांचा रंग शेवाळी झाला, आणि साल मात्र चिवट राहिली, कारण आम्लात पेशींना जोडणारे पदार्थ सहज विरघळत नाहीत. तिसऱ्या वाटीतले सर्वांत हिरवे, पण साली सुटलेल्या, आतला गर पिठासारखा आणि चवीत साबणाची झाक. कुकरमधले मऊ झाले, पण रंग पूर्ण गेला. कुकरमध्ये तापमान शंभर अंशांच्या बरेच वर जाते, आणि उडून जाऊ शकणारी आम्लेही झाकणाखालीच कोंडली जातात.

सोड्याचा निकाल मोहात पाडणारा आहे, म्हणून त्याची किंमत स्पष्ट सांगायला हवी. अल्कधर्मी पाण्यात मॅग्नेशियम टिकतो, पण त्याच पाण्यात ब-१ आणि क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. ओला वाटाणा या दोन्हींसाठी खाण्याजोगा. ती घालवून उरलेला हिरवा रंग फक्त डोळ्यांपुरता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले डबाबंद वाटाण्याचे कारखानदार याच कारणासाठी तांब्याचे क्षार वापरत. मॅग्नेशियमच्या जागी तांबे बसले की रंग पक्का होतो, पण तांबे पोटात जाते. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट भाजी करू नये, हा जुना नियमही तांब्याच्याच भीतीतून आलेला आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. पाव किलो दाण्यांसाठी साधारण अर्धा किलो किंवा थोड्या जास्त शेंगा लागतात. मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी खळखळ उकळू द्यावे आणि त्यात दोन चहाचे चमचे मीठ घालावे. पाणी भरपूर हवे, कारण थोड्या पाण्यात दाणे पडताच उकळी थांबते आणि तेवढा वेळ ते कोमट पाण्यात पडून राहतात. दाण्यांतून सुटणारे आम्लही भरपूर पाण्यात पातळ होते. झाकण ठेवू नये. दोन मिनिटांनी एक दाणा काढून खाऊन पाहावा. कोवळा असेल तर झाला, जून असेल तर चार मिनिटांपर्यंत लागतील. पातेले उतरवून दाणे लगेच चाळणीत काढावेत आणि थंड पाण्यात बुडवावेत. हे टाळले तर आतल्या उष्णतेने दाणे शिजतच राहतात आणि साल सुरकुतते. गार होताच पाण्यातून काढावेत, कारण पाण्यात साखर उतरत राहते. उकळलेले पाणी फेकू नये. त्यातही थोडी गोडी उतरलेली असते, ते रश्शात वापरावे आणि भाजीत मीठ तेवढे कमी घालावे.

दाणे भाजीत कधी घालायचे याचे उत्तर आता आपोआप मिळते. आंबट काही असेल तर आधी ते शिजवून घ्यावे, वाटाणा शेवटी. टोमॅटोच्या रश्शात टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतावा, बटाटा किंवा पनीर घालून भाजी तयार करावी आणि उकळलेले दाणे उतरवण्याआधी दोन-तीन मिनिटे घालावेत. चिंच, दही, लिंबू यांनाही हाच नियम. पोह्यांत दाणे फोडणीत कांद्याबरोबर मऊ होऊ द्यावेत, लिंबू मात्र ताटात वाढल्यावर पिळावे. पुलावात कच्चे दाणे तांदळाबरोबर सुरुवातीला टाकले तर पंधरा-वीस मिनिटे शिजतात आणि राखाडी होतात. तांदळावरचे पाणी आटून छिद्रे दिसू लागली की ते वर पसरावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर शेवटची पाच मिनिटे द्यावीत. इथे झाकण लागतेच, पण वेळ थोडा असल्याने रंग टिकतो.

गोठवलेल्या वाटाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. तो कच्चा नसतो. कारखान्यात तोडणीनंतर लवकरच तो गरम पाण्यात किंवा वाफेत थोडा वेळ धरून मग गोठवतात, कारण तसे न केल्यास दाण्यातली विकरे गोठलेल्या अवस्थेतही सावकाश काम करतात आणि गवतासारखा वास येतो. म्हणजे रंग आणि गोडी ज्या क्षणी सर्वांत चांगली, तिथेच त्यांना थांबवलेले असते. दोन दिवस प्रवास केलेल्या शेंगेपेक्षा तो अनेकदा गोड लागतो, यात नवल नाही. पण त्याला पुन्हा दहा मिनिटे शिजवले तर तो दुसऱ्यांदा शिजतो. म्हणून बर्फ वितळायची वाट न पाहता थेट पाकिटातून काढून भाजीत शेवटी टाकावा. उकळी परत आल्यावर एक-दोन मिनिटे पुरतात. पुलावात तर आच बंद केल्यावर मिसळून पाच मिनिटे झाकून ठेवले तरी चालते.

पाकीट घेताना बाहेरून चाचपून पाहावे. दाणे मण्यांसारखे सुटे हलले तर ठीक. एकच गठ्ठा झाला असेल तर ते वाटेत वितळून पुन्हा गोठलेले आहेत. वीज वारंवार जाते अशा गावात हे घरच्या फ्रिजरमध्येही घडते, म्हणून महिन्याभराचा साठा करण्यापेक्षा आठवड्यापुरते पाकीट बरे. हंगामात घरी गोठवायचे असतील तर वरच्याच पद्धतीने दीड मिनिट उकळून, गार करून, फडक्यावर कोरडे करावेत. ताटात एका थरात गोठवून मग पिशवीत भरावेत. ओले राहिले तर गठ्ठा होतो.

शेवटी एक मर्यादा. शेंग पिवळसर, दाणा नखाने न दबणारा आणि खाल्ल्यावर पिठूळ लागणारा असेल, तर त्याची साखर आधीच स्टार्च झालेली आहे आणि कोणतीही पद्धत ती परत आणणार नाही. अशा दाण्याला हिरवा ठेवण्याचा खटाटोप करू नये. त्याची कांदा-खोबऱ्याचे वाटण घालून कुकरमध्ये उसळ करावी. तिथे रंगाची अपेक्षा नसते, आणि पिठूळपणामुळे रस्सा दाट होतो. उलट बाजारात सोललेले दाणे फारच चकचकीत हिरवे दिसले तर मूठभर घेऊन अर्धा तास साध्या पाण्यात ठेवावेत. पाण्याला हिरवा रंग आला तर तो रंग हरितद्रव्याचा नाही. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही.