बारा बाय अठराच्या फ्रेमचं गणित

आजोबांच्या तेराव्यासाठी फोटो मोठा करून हवा असतो. नातू स्टुडिओच्या काउंटरवर येतो, फोन पुढे करतो आणि म्हणतो, “काका, बारा बाय अठराची फ्रेम करायची आहे.” स्क्रीनवर आजोबा अगदी स्वच्छ दिसतात, चष्म्यामागचे डोळेसुद्धा. पण फोनची स्क्रीन तळहाताएवढी, तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मी फोटोची माहिती उघडायला सांगतो. तिथे आकडा दिसतो १२०० × १६००. म्हणजे आडवे बाराशे आणि उभे सोळाशे पिक्सेल.

आता हिशेब करू. छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे, त्याला डीपीआय म्हणतात. फाइलीतल्या पिक्सेलसाठी खरा शब्द पीपीआय आहे आणि प्रिंटरच्या शाईचे थेंब ही वेगळी गोष्ट, पण दुकानात सगळे डीपीआयच म्हणतात, मीही तेच म्हणतो. उत्तम प्रिंटसाठी ३०० डीपीआय धरतात. प्रत्येक बाजूचे इंच गुणिले डीपीआय, एवढंच करायचं. १२ गुणिले ३०० म्हणजे ३६००, १८ गुणिले ३०० म्हणजे ५४००. दोन्हींचा गुणाकार जवळजवळ १ कोटी ९४ लाख, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या वर.

नातवाच्या फोटोसाठी हेच गणित उलटं करायचं. उभ्या बाजूचे १६०० पिक्सेल १८ इंचांवर पसरले, तर इंचाला ८९ येतात. शिवाय फोटो तीनास चार या प्रमाणात आणि फ्रेम दोनास तीन, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडी रुंदी कापली जाते, ती वेगळीच.

८९ पुरतील का, हे फोटो किती अंतरावरून बघणार यावर ठरतं. निरोगी नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखता येतो. हातात धरलेला फोटो फूटभर लांब असतो. तिथून इंचाला २८६च्या आसपास ठिपके झाले की ते सुटे दिसत नाहीत. तीनशेचा आकडा या हिशेबाला जुळतो. अंतर तिप्पट झालं की गरज एक तृतीयांशावर येते, म्हणजे तीन फुटांवरून शंभराच्या आतबाहेर चालतात. रस्त्यावरचा फ्लेक्स वीस फुटांवरून बघतात, त्याला इंचाला पंधराही पुरतात.

पण आजोबांच्या फोटोला हार घालायला माणसं अगदी जवळ जातात. तेव्हा ८९चा प्रिंट उघडा पडतो. चष्म्याची काडी पायऱ्यापायऱ्यांची दिसते, भुवया एक काळा पट्टा होतात, गालावर चौकोनी डाग उमटतात. म्हणून भिंतीवरच्या चेहऱ्यासाठी मी निदान १५० मागतो, आणि दोनशेच्या पुढे असतील तर निर्धास्त छापतो.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, की कॉम्प्युटरवर डीपीआय बहात्तरचं तीनशे करा. ती फाइलीत लिहिलेली नुसती चिठ्ठी असते. ती बदलली तरी पिक्सेल सोळाशेच राहतात, फक्त प्रिंटचा आकार सव्वापाच इंचांवर येतो. फोटोशॉपमध्ये ‘Resample’वर खूण ठेवून आकडा वाढवला, तर पिक्सेल वाढतात खरे, पण ते शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरलेले असतात. कडा मऊ होतात. पापण्यांचे केस काही परत येत नाहीत.

खरा उपाय म्हणजे मूळ फोटो शोधणं. चॅटमधून आलेला फोटो बहुतेकदा वाटेत लहान झालेला असतो. ज्याच्या फोनवर तो काढला, त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचा. या नातवाच्या आत्याने तसा पाठवला आणि ३०२४ × ४०३२ची फाइल आली. ४०३२ भागिले १८, म्हणजे २२४. एवढ्यात काम छान होतं.

मग घरचे म्हणाले, मागची माणसं नकोत, फक्त छातीपर्यंतचे आजोबा घ्या. इथे पुन्हा घसरायला होतं, कारण कापून उरलेल्या भागाचे पिक्सेल मोजायचे असतात, मूळ फोटोचे नव्हे. उरले १००० × १५००. बारा बाय अठराला ते ८३वर येत होते. सहा बाय नऊला मात्र १६७. मी दोन्ही पर्याय समोर ठेवले: थोडी मागची माणसं राहू द्या, नाहीतर फ्रेम लहान करा.

ठरत नव्हतं, तेव्हा एक स्वस्त चाचणी केली. बारा बाय अठरामध्ये चार बाय सहाचे बरोबर नऊ तुकडे बसतात. पूर्ण फोटो फ्रेमच्या प्रमाणात कापला, की २६८८ × ४०३२ उरतात. त्यातला चेहऱ्याचा ८९६ × १३४४चा भाग घेऊन चार बाय सहाच्या कागदावर छापला. मोठ्या फ्रेममध्ये चेहरा जसा दिसणार, तसाच त्या कागदावर आला. छातीपर्यंतच्या फाइलीचाही असाच तिसरा हिस्सा, ३३३ × ५००, छापला. नातवाने दोन्ही कागद भिंतीला लावून धरले, आत्याने हार घालायच्या अंतरावरून पाहिलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं. मागची दोन माणसं फोटोत राहिली.