०.०८१ म्हणजे किती रुपये? उत्पन्न आणि शिक्षणाचा रिग्रेशन तक्ता वाचताना

३४ टक्के आणि १३ टक्के. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या भारतीय पुरुषांचे तासाचे वेतन, इंग्रजी अजिबात न बोलणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरीने ३४ टक्के जास्त असते आणि थोडेफार इंग्रजी बोलणाऱ्यांचे १३ टक्के जास्त. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी २००५ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणावरून काढलेले हे आकडे २०१३ साली प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्रात असा आकडा आला की ‘इंग्रजी शिका, पगार ३४ टक्क्यांनी वाढेल’ असा मथळा होतो. मूळ लेखात मात्र वय, शिक्षणाची वर्षे, सामाजिक गट आणि राहण्याचे ठिकाण हे घटक हिशेबात धरून केलेली ती एक तुलना आहे. आकडा तोच राहतो, पण दोन वाक्यांचा अर्थ अगदी वेगळा होतो.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला छोट्या असाइनमेंटमध्ये नेमके हेच करायचे असते. तक्त्यातल्या आकड्याचे असे वाक्य लिहायचे, की आकड्यात आहे तेवढेच त्यात येईल. यासाठी एक सरावाचा तक्ता घेऊ. त्यातले आकडे प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे नाहीत, वाचन समजावे म्हणून मांडलेले आहेत. समजा, पश्चिम मार्गावरच्या अंधेरी आणि बोरिवलीतून व मध्य मार्गावरच्या घाटकोपर आणि मुलुंडमधून प्रत्येकी ६०, म्हणजे एकूण २४० कमावत्या व्यक्तींची माहिती गोळा केली आहे. मासिक उत्पन्नाचा नैसर्गिक लॉग घेतला आहे. उपनगरांमध्ये तुलनेचा पाया अंधेरी आहे.

| घटक | गुणांक | प्रमाण त्रुटी | पी-मूल्य |
|---|---|---|---|
| शिक्षणाची वर्षे | ०.०८१ | ०.०१५ | ०.००१ पेक्षा कमी |
| कामाचा अनुभव (वर्षे) | ०.०१८ | ०.००४ | ०.००१ पेक्षा कमी |
| स्त्री | −०.२७० | ०.०८५ | ०.००२ |
| बोरिवली | −०.०६० | ०.१०५ | ०.५७ |
| मुलुंड | −०.०४० | ०.१०६ | ०.७१ |
| घाटकोपर | −०.१३० | ०.१०४ | ०.२१ |

पहिली ओळ पाहू. गुणांक ०.०८१ आहे, पण तो रुपयांत नाही, कारण समीकरणाच्या डावीकडे उत्पन्नाचा लॉग आहे. उत्पन्नाचा लॉग घेण्याची रीत जेकब मिन्सर यांच्या १९७४ च्या पुस्तकापासून रूढ झाली. पगारातले फरक बहुधा पटीत असतात. दहा हजारांवर दोन हजार वाढले आणि एक लाखावर दोन हजार वाढले, या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. लॉगमधला फरक टक्क्यांत आणायला हे सूत्र वापरायचे:

```
100 * (exp(0.081) - 1) = 8.4
```

म्हणजे अनुभव, लिंग आणि उपनगर सारखे असलेल्या दोन व्यक्तींची तुलना केली, तर शिक्षणाचे एक वर्ष जास्त असलेल्या व्यक्तीचे उत्पन्न सरासरीने सुमारे ८.४ टक्के जास्त आहे. कमी शिकलेल्याचे उत्पन्न २५,००० रुपये धरले तर दुसऱ्याचे सुमारे २७,१०० रुपये होते. गुणांक लहान असला की ०.०८१ आणि ८.१ टक्के यांत फारसे अंतर पडत नाही, म्हणून पुष्कळ विद्यार्थी थेट १०० ने गुणतात. फरक मोठा झाला की ही सवय अंगाशी येते. दहावी झालेला आणि पदवीधर यांच्यात साधारण पाच वर्षांचे अंतर असते. पाच गुणिले ०.०८१ म्हणजे ०.४०५. ते ४०.५ टक्के नव्हेत, सूत्रात घातले की जवळपास ५० टक्के होतात. ‘स्त्री’च्या ओळीत उलटे घडते. −०.२७० म्हणजे २७ टक्के कमी नव्हे, तर २३.७ टक्के कमी.

आता प्रमाण त्रुटीकडे वळू. असाइनमेंटमध्ये सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो हाच रकाना, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तोच सांगतो. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नवे २४० लोक निवडले असते, तर गुणांक नमुन्यागणिक किती हलला असता, याचा तो अंदाज आहे. गुणांकाच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या सुमारे दुप्पट अंतर घेतले की ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा मिळते. शिक्षणासाठी ती ०.०५१ ते ०.१११ येते, टक्क्यांत सांगायचे तर ५ ते १२. म्हणून ‘८.४ टक्के’ असे दशांशासह ठामपणे लिहिण्यापेक्षा ‘सुमारे ८ टक्के, विश्वासमर्यादा ५ ते १२’ असे लिहिणे जास्त प्रामाणिक आहे. २४० लोकांच्या नमुन्यातून दशांशाची अचूकता येत नाही.

खरी परीक्षा घाटकोपरच्या ओळीत आहे. गुणांक −०.१३० आहे, म्हणजे बाकीचे घटक सारखे असताना अंधेरीपेक्षा सुमारे १२ टक्के कमी. पी-मूल्य ०.२१ आहे. अशा ओळीपुढे सॉफ्टवेअर चांदणी लावत नाही. इथे विद्यार्थी दोन तऱ्हेने घसरतात. काही जण पी-मूल्याकडे न पाहता ‘घाटकोपरकर कमी कमावतात’ असे लिहून मोकळे होतात. बरेच जण उलट टोकाला जातात आणि लिहितात, ‘पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त असल्याने अंधेरी आणि घाटकोपर यांच्या उत्पन्नात फरक नाही हे सिद्ध होते.’ दुसरे वाक्य जास्त शास्त्रीय वाटते, म्हणून ते जास्त फसवते.

०.२१ चा अर्थ मर्यादित आहे. खरा फरक शून्य असता आणि मॉडेलची गृहीतके बरोबर असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने १०० पैकी सुमारे २१ वेळा दिसला असता. ‘फरक शून्य असण्याची शक्यता २१ टक्के’ असा त्याचा अर्थ होत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्यावर खास निवेदन काढले, त्यातही हा गैरसमज नाव घेऊन खोडला आहे. इथली विश्वासमर्यादा काढून पाहा: −०.३३५ ते ०.०७५. म्हणजे अंधेरीच्या तुलनेत २८ टक्के कमी ते ८ टक्के जास्त. एवढ्या रुंद पट्ट्यात ‘फरक नाही’ही बसते आणि ‘चौथ्या हिश्शाने कमी’ही बसते. तेव्हा योग्य वाक्य असे होईल: ‘या नमुन्यात घाटकोपरमधील उत्पन्न अंधेरीपेक्षा कमी दिसते, पण अंदाज इतका अनिश्चित आहे की फरकाची दिशाही खात्रीने सांगता येत नाही.’

याच ओळींत आणखी एक सापळा आहे. तीनही उपनगरांचे गुणांक अंधेरीच्या तुलनेत आहेत. घाटकोपर आणि मुलुंड यांच्यातला फरक या तक्त्यात थेट लिहिलेला नाही. दोन गुणांकांची वजाबाकी करून −०.०९० मिळेल, पण त्याची प्रमाण त्रुटी या रकान्यांतून निघत नाही. त्यासाठी पाया बदलून मॉडेल पुन्हा चालवावे लागते. पाया बदलला की उपनगरांचे सगळे आकडे आणि पी-मूल्ये बदलतात, शिक्षणाचा ०.०८१ मात्र जागचा हलत नाही. शंका असेल त्याने हे स्वतः करून पाहावे.

इथवर आपण गणिताची काळजी घेतली. आता ‘मुळे’ या शब्दाची घ्यायची. ‘शिक्षणामुळे उत्पन्न ८ टक्क्यांनी वाढते’ हे वाक्य तक्त्यात नाही. समजा त्याच नमुन्यात वडिलांच्या शिक्षणाची वर्षे हा घटक घातला आणि ०.०८१ उतरून ०.०६२ झाला, म्हणजे टक्क्यांत ६.४. याचा अर्थ, आधी जे शिक्षणाच्या खात्यावर जमा होत होते त्यातला काही भाग घरच्या परिस्थितीचा होता. घरातल्या ओळखी, घरी बोलली जाणारी भाषा, शिकवणीला लागणारा पैसा असे न मोजलेले घटक अजून उरलेच आहेत.

पण म्हणून मिळेल तो घटक मॉडेलमध्ये घालत सुटायचे नाही. ‘नोकरीचा प्रकार’ घातला तर शिक्षणाचा गुणांक आणखी उतरेल आणि विद्यार्थी लिहील की शिक्षणाला फारसे महत्त्व नाही. सीप्झमधल्या कार्यालयात नोकरी मिळते ती बहुधा पदवीच्या जोरावर. शिक्षणाचा फायदा ज्या वाटेने पोचतो तीच वाट आपण या मॉडेलमध्ये बंद करून टाकतो. वडिलांचे शिक्षण आपल्या शिक्षणाच्या आधीचे, नोकरी त्यानंतरची. कोणता घटक घालायचा हे ठरवताना हा क्रम पाहावा.

मुंबईचेच एक उदाहरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या शाळांच्या विद्यार्थ्यांची कुटुंबे घेऊन केलेला अभ्यास २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. २००० च्या सुमारास इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचे उत्पन्न मराठी माध्यमात शिकलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त असल्याचे त्यांना दिसले, स्त्रियांतही आणि पुरुषांतही. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळेचे माध्यम निवडले कसे जाते, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. श्रमिक जातींतल्या पुरुषांची कामाची जाळी मुलांना मराठी शाळा आणि परंपरागत व्यवसाय यांकडे ओढत राहिली. मुलींना त्या जाळ्यांचा लाभ कधी नव्हताच, म्हणून त्या वेगाने इंग्रजी शाळांकडे वळल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. माध्यमाची निवडच जात आणि लिंग यांवर बेतलेली असेल, तर माध्यमाचा गुणांक नुसता वाचून भागत नाही.

आपल्या तक्त्यातल्या ‘स्त्री’च्या ओळीलाही असाच प्रश्न विचारावा. नमुन्यात फक्त कमावत्या व्यक्ती आहेत. ज्या स्त्रिया घरकामात आहेत किंवा लग्नानंतर नोकरी सोडून बसल्या आहेत त्या या २४० मध्ये नाहीतच. तेव्हा २३.७ टक्क्यांचा फरक ‘कमावत्या स्त्री-पुरुषांतला’ म्हणून लिहावा, सगळ्या स्त्रियांचा म्हणून नव्हे.

शेवटी नमुना कुठून आला ते पाहावे. मुलुंडचे ६० जण एकाच सोसायटीतले आणि घाटकोपरचे ६० जण असल्फ्याच्या एकाच वस्तीतले असतील, तर ते मुलुंड आणि घाटकोपरचे प्रतिनिधी नाहीत. शिवाय एका सोसायटीतले लोक एकमेकांसारखे असतात. त्यामुळे २४० उत्तरांत २४० स्वतंत्र माणसांइतकी माहिती नसते आणि सॉफ्टवेअरने दिलेली साधी प्रमाण त्रुटी खऱ्यापेक्षा लहान निघते. लहान प्रमाण त्रुटीतून चांदण्या स्वस्तात मिळतात. प्रत्येक उपनगरातून एकच ठिकाण घेतले असेल तर हा दोष नंतर गणिताने दुरुस्त होत नाही. एकाऐवजी दहा-बारा ठिकाणांहून थोडे थोडे लोक घेणे हाच उपाय, आणि तो आधीच करायचा असतो.

तेव्हा असाइनमेंटमधले वाक्य असे लिहा: ‘निवडक ठिकाणांच्या या नमुन्यातील कमावत्या व्यक्तींमध्ये, अनुभव, लिंग आणि उपनगर सारखे असताना, शिक्षणाच्या एका जादा वर्षासोबत मासिक उत्पन्न सरासरीने सुमारे ८ टक्के जास्त आढळले (९५ टक्के विश्वासमर्यादा ५ ते १२). कौटुंबिक पार्श्वभूमी या मॉडेलमध्ये नाही.’ वाक्य लांबते, पण तपासणाऱ्याने त्यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवले तरी तुम्हाला उत्तर देता येईल.