काम सुरू करण्याआधी पैसे कुठे आहेत?

अपवर्कसारख्या फ्रीलान्सिंग संकेतस्थळावर क्लायंटच्या नावाजवळ Payment verified अशी खूण दिसली की नवखे लोक निर्धास्त होतात. त्या खुणेचा अर्थ मात्र मर्यादित आहे: क्लायंटचे कार्ड किंवा खाते तपासलेले आहे, एवढाच. तुमच्या कामाचे पैसे त्याने भरलेत, असे ती सांगत नाही.

ठरावीक रकमेच्या कामात खरे संरक्षण एस्क्रोमुळे मिळते. क्लायंट आधी रक्कम संकेतस्थळाच्या ताब्यातील खात्यात जमा करतो आणि काम मान्य झाले की ती तुमच्याकडे येते. समजा, नाशिकच्या एका भाषांतरकार तरुणीला ३०० डॉलरचे काम मिळाले आणि त्याचे शंभर-शंभरचे तीन टप्पे ठरले. क्लायंटने फक्त पहिला टप्पा भरला आणि म्हणाला, ‘घाई आहे, सगळे एकदमच पाठवा.’ तिने पाठवले, तर तिचे फक्त १०० डॉलर सुरक्षित आहेत, उरलेले २०० क्लायंटच्या मर्जीवर. म्हणून पुढच्या टप्प्याची रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत त्या टप्प्याचे काम सुरू करू नये.

फाइल नुसती चॅटवर किंवा ईमेलने पाठवणेही पुरेसे नाही. संकेतस्थळावर पैशांच्या मागणीसह काम रीतसर सादर केले की क्लायंटची १४ दिवसांची मुदत सुरू होते. त्यात त्याने काहीच उत्तर दिले नाही, तर रक्कम आपोआप सुटते. मात्र त्याने दुरुस्त्या मागितल्या, तर सुधारित काम पुन्हा सादर करावे लागते आणि मुदत नव्याने मोजली जाते.

तासावरच्या कामात एस्क्रो नसतो. तिथे अपवर्कचे ॲप वेळ नोंदवते आणि अधूनमधून स्क्रीनचे चित्र टिपते. या नोंदींवरच संरक्षण मिळते. हाताने लिहिलेल्या तासांना ते लागू होत नाही.

क्लायंट खरा आहे का, हे त्याच्या इतिहासातून कळते. आजवर किती खर्च केला, दिलेल्या जाहिरातींपैकी कितींवर खरोखर माणसे घेतली, त्यांनी काय अभिप्राय लिहिले, हे वाचावे. नवा क्लायंट खोटाच असतो असे नाही. त्याच्याबरोबर पहिला टप्पा लहान ठेवावा.

करार होण्याआधीच कुणी टेलिग्रामवर बोलावत असेल, तर तिथेच थांबावे. संकेतस्थळाबाहेर झालेल्या व्यवहाराला त्याचे कोणतेच संरक्षण लागू होत नाही. नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागणारा तर क्लायंट नव्हेच. अशा माणसाला पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.