रोहित्राचे कंप्रता-प्रतिसाद विश्लेषण

रोहित्राच्या गुंडाळीला निरनिराळ्या कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्यांचा) अल्प विद्युत् दाब क्रमाक्रमाने देऊन तिचा प्रतिसाद मोजणे आणि त्यावरून गुंडाळीच्या आकारात किंवा जागेत बदल झाला आहे काय, हे ठरविणे या पद्धतीला कंप्रता-प्रतिसाद विश्लेषण म्हणतात. व्यवहारात ती ‘एसएफआरए’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. रोहित्राबाहेरील वाहिनीवर मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्यानंतर रोहित्र पुन्हा चालू करावे की नाही, हा निर्णय घेताना तिचा विशेष उपयोग होतो. [→ रोहित्र].

लेक व टिमिन्स्की यांनी १९६६ मध्ये पोलंडमध्ये अल्पदाबी आवेग देऊन गुंडाळीतील विरूपण शोधण्याची रीत मांडली. पुढे डिक व अर्व्हेन यांनी १९७८ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ हायड्रो या संस्थेतील कामाच्या आधारे कंप्रता बदलत नेऊन प्रतिसाद मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या मापनाचे आंतरराष्ट्रीय मानक (आयईसी ६००७६-१८) २०१२ मध्ये निघाले.

विरूपणाचे कारण : रोहित्राबाहेर घडलेल्या, पण ज्याचा प्रवाह रोहित्रातून वाहतो अशा दोषाला पारगामी दोष म्हणतात. २५ मेगॅव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे, १३२/३३ किलोव्होल्टचे व १० टक्के संरोधाचे रोहित्र उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या ३३ किलोव्होल्ट बाजूचा नियत प्रवाह सुमारे ४३७ अँपिअर असतो. त्या बाजूच्या अग्रांजवळ तिन्ही कलांचा मंडलसंक्षेप झाला आणि पुरवठ्याचा संरोध नगण्य मानला, तर प्रवाह दहापट म्हणजे सुमारे ४,३७० अँपिअर होईल. पहिल्या अर्धआवर्तनात तो असममित असल्यामुळे त्याचे शिखर नेहमीच्या शिखराच्या सुमारे १८ पट होऊ शकते. गुंडाळ्यांवरील यांत्रिक प्रेरणा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ती नेहमीच्या शिखरप्रेरणेच्या सुमारे ३२४ पट होते.

गाभ्याभोवती आत अल्पदाबी व तिच्याबाहेर उच्चदाबी अशा गुंडाळ्या समकेंद्री असतात. त्यांतील प्रवाह विरुद्ध दिशांचे असल्याने त्या एकमेकींना दूर ढकलतात. बाहेरची गुंडाळी ताणली जाते, तर आतली गाभ्याकडे दाबली जाते. आधारपट्ट्यांच्या मधले वेढे त्यामुळे आत वाकू शकतात. गुंडाळ्यांच्या उंचीत किंवा मध्यात थोडा फरक असल्यास उभ्या दिशेनेही प्रेरणा निर्माण होऊन वेढे कलंडतात किंवा सरकतात.

वाकलेल्या गुंडाळीचे निरोधन बहुधा तात्काळ फुटत नाही. म्हणून निरोधन रोध, वेढ्यांचे गुणोत्तर, गुंडाळीचा रोध आणि तेलात विरघळलेले वायू यांची परीक्षणे समाधानकारक येऊ शकतात. टाकीची झडप उघडून आत पाहिल्यास दिसते ती बाहेरची गुंडाळी. वाकण्याचा धोका असतो तो आतल्या गुंडाळीला. असे रोहित्र चालू केल्यास ते काही काळ चालते, परंतु पुढील दोषात वाकलेला भाग कोसळून वेढ्यांमध्ये मंडलसंक्षेप होण्याची भीती असते.

तत्त्व : गुंडाळी ही केवळ प्रवर्तकता नव्हे. तिच्या वेढ्यांमध्ये, दोन गुंडाळ्यांमध्ये तसेच गुंडाळी व गाभा किंवा टाकी यांमध्ये विद्युत् धारणा असते. प्रवर्तकता L व धारणा C यांमुळे f = 1/(2π√(LC)) या कंप्रतेला अनुस्पंदन होते आणि आलेखात शिखर किंवा दरी दिसते. अंतरे बदलली की धारणा बदलते व शिखर सरकते. ६० किलोहर्ट्झच्या अनुस्पंदनातील धारणा ४ टक्क्यांनी वाढली, तर ते ५८·८ किलोहर्ट्झवर येते. मूळ आलेखावर नवा ठेवला, तर एवढा फरक नजरेस येतो.

मापन : रोहित्र पुरवठ्यापासून तोडून सर्व बुशिंगांवरील वाहिन्या सोडवितात. गुंडाळीच्या एका टोकाला संकेत देऊन तेथेच संदर्भ दाब मोजतात आणि दुसऱ्या टोकाला ५० ओहमच्या रोधावर प्रतिसाद मोजतात. कंप्रता साधारणपणे २० हर्ट्झपासून २ मेगाहर्ट्झपर्यंत नेतात. दोन्ही दाबांचे गुणोत्तर डेसिबेलमध्ये आलेखित करतात. हे मापन प्रथम इतर गुंडाळ्या मोकळ्या ठेवून आणि नंतर अल्पदाबी बाजू आखूड जोडून करतात. टॅपचे स्थान, तेलाची पातळी व भूसंपर्काच्या पट्ट्यांची मांडणी पूर्वीच्या मापनासारखीच ठेवावी लागते.

आलेखाचे वाचन : मोकळ्या मंडलाच्या आलेखात सुमारे २ किलोहर्ट्झपर्यंत गाभ्याचा प्रभाव असतो. २ ते २० किलोहर्ट्झमध्ये गुंडाळ्यांचा परस्परसंबंध आणि त्यापुढे सुमारे १ मेगाहर्ट्झपर्यंत गुंडाळीची स्वतःची रचना प्रकट होते. त्याहून वर जोडतारा व भूसंपर्क यांचा परिणाम अधिक असतो. या सीमा रोहित्राच्या आकारमानाप्रमाणे बदलतात.

वरील रोहित्रात दोषानंतर पुढीलप्रमाणे आलेख आले असे समजू. तिन्ही कलांत २ किलोहर्ट्झच्या खालील दरी उजवीकडे सरकली आहे. मधल्या कलेच्या अल्पदाबी आलेखात ६० किलोहर्ट्झजवळील शिखर डावीकडे आले आहे. उरलेल्या दोन कलांचे आलेख या भागात पूर्वीच्या आलेखांशी जुळतात. पहिला फरक तिन्ही कलांत सारखा असून गाभ्याच्या भागात आहे. रोधमापनातील एकदिश प्रवाहाने गाभ्यात उरलेले चुंबकत्व हे त्याचे संभाव्य कारण होय. गाभ्याचे निश्चुंबकन करून पुन्हा मापन केल्यावर तो नाहीसा झाला, तर शंका फिटते. दुसरा फरक मात्र एकाच कलेत असून निश्चुंबकनानंतरही टिकतो. म्हणून तो विरूपणाकडे बोट दाखवितो.

यानंतर अल्पदाबी बाजू आखूड जोडून उच्चदाबी गुंडाळीचे मापन करतात. यामुळे गाभ्याचा प्रभाव जवळजवळ वगळला जाऊन गळती प्रवर्तकता उरते. या रोहित्रात १ किलोहर्ट्झला गुंडाळीचा संरोध सुमारे १,४०० ओहम असून प्रतिसाद सुमारे −२८·९ डेसिबेल येतो. मधल्या कलेत तो ०·२६ डेसिबेलने आणखी खाली गेला, तर गळती प्रवर्तकता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली आहे. आतली गुंडाळी गाभ्याकडे वाकल्याने दोन गुंडाळ्यांमधील फट रुंदावली, असा त्याचा अर्थ लागतो. दोन स्वतंत्र मापने एकाच कलेकडे निर्देश करीत असल्यामुळे रोहित्र चालू न करता आतील तपासणीसाठी उघडणे योग्य ठरते.

मर्यादा : या पद्धतीची मदार तुलनेवर आहे. कारखान्यात किंवा उभारणीच्या वेळी घेतलेला मूळ आलेख नसल्यास समान रचनेच्या दुसऱ्या रोहित्राशी किंवा इतर कलांशी तुलना करावी लागते. कलांची तुलना करताना मधल्या कलेचा चुंबकीय मार्ग वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणूनच निरोगी रोहित्रातही अल्प कंप्रतेच्या भागात बाहेरच्या कलांत बहुधा दोन व मधल्या कलेत एक दरी दिसते.

शिखर कोणत्या दिशेने सरकले, एवढ्यावरून विरूपणाचा प्रकार सांगता येत नाही. कारण गाभ्याकडील धारणा वाढत असताना दुसऱ्या गुंडाळीकडील धारणा घटते. आलेखांतील साम्य अंकांनी मोजण्याचे निर्देशांक वापरले जातात; तथापि सर्व रोहित्रांना लागू पडेल अशी एकच मर्यादा त्यांना ठरविता आलेली नाही. शिवाय वेढे जागेवरच राहून केवळ त्यांना आवळणारा दाब सैल झाला असेल, तर अंतरे बदलत नाहीत आणि आलेख पूर्ववत येऊ शकतो. आलेख जुळला म्हणजे गुंडाळीचे स्थान बदललेले नाही, एवढेच कळते. पुढील दोष सोसण्याची तिची ताकद किती उरली आहे, हे त्यावरून ठरत नाही.