नव्वद दिवसांची गॅरंटी नेमकी कधी संपते?

कन्सल्टन्सीचा करार अकरा पानांचा होता आणि आमचे प्रॉडक्शन हेड म्हणाले, "मला पाच ओळींत सांगा." मी सांगितलं. फी ८.३३ टक्के, नव्वद दिवसांची रिप्लेसमेंट गॅरंटी, पंचेचाळीस दिवस एक्स्क्लुझिव्ह, पैसे तीस दिवसांत. एकही गोष्ट खोटी नव्हती. तरीही तो सारांश चुकीचा होता, आणि ते कळायला अडीच महिने लागले.

भोसरीच्या एका कारखान्यात मी तेव्हा एचआरमध्ये होतो. शॉप फ्लोअरसाठी मॅनेजर हवा होता, पगार वर्षाला १८ लाख: १५ लाख निश्चित आणि ३ लाख कामगिरीवर अवलंबून. ८.३३ हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटतो, पण तो फक्त शंभर भागिले बारा आहे, म्हणजे एका महिन्याचा पगार. आपल्याकडच्या भरतीच्या धंद्यात ही फार जुनी सवय आहे. प्रश्न टक्क्यांचा नसतोच, टक्के कशाचे हा असतो. आमच्या करारात फीच्या कलमात "वार्षिक सीटीसी" एवढेच शब्द होते. त्याचा अर्थ दुसऱ्या पानावरच्या व्याख्यांमध्ये दडलेला होता: निश्चित पगार, कामगिरीवरचा भाग, शिवाय जॉइनिंग बोनस दिला तर तोही. म्हणजे फी १८ लाखांवर, १,४९,९४० रुपये. हेडसाहेबांनी मनात १५ लाख धरून १,२४,९५० चा अंदाज बांधला होता. पंचवीस हजारांचा हा फरक एका व्याख्येने पडला. वर १८ टक्के जीएसटी. तो कंपनीला बहुतेक वेळा क्रेडिटमध्ये परत मिळतो, पण बिल भरताना रोख द्यावाच लागतो. म्हणून आता सारांशात टक्के लिहिले की शेजारी त्या जागेपुरती रुपयांतली रक्कमही मांडतो. टक्के वाचून माणूस मान डोलावतो, रक्कम वाचून प्रश्न विचारतो.

खरी गोची गॅरंटीत झाली. आमचा मॅनेजर ३ जूनला रुजू झाला. त्याच तारखेचं बिल आलं, पण एजन्सीचा व्हेंडर कोड आमच्या सिस्टीममध्ये काढलेलाच नव्हता. अकाउंट्सने कागद मागवले, एक सही राहिली, आणि पैसे गेले १८ जुलैला. २० ऑगस्टला मॅनेजर नोकरी सोडून गेला. तो अठ्ठ्याहत्तरावा दिवस होता. नव्वद दिवस पूर्ण व्हायला बारा दिवस बाकी, म्हणून हेडसाहेब निवांत होते. "दुसरा माणूस मागवा," म्हणाले. एजन्सीच्या बाईंनी शांतपणे नवव्या पानावरचं कलम दाखवलं: बिल मुदतीत भरलं नाही तर गॅरंटी आपोआप रद्द. मुदत ३ जुलैला संपली होती. म्हणजे आमची नव्वद दिवसांची गॅरंटी तिसाव्या दिवशीच संपलेली, आणि कोणाला पत्ताही नव्हता.

गॅरंटीचं कलम चौथ्या पानावर होतं आणि तिची अट नवव्या पानावर, पैशांच्या कलमात. मी दोन्ही वाचली होती, पण चार खाने आखून चार उत्तरं भरली आणि त्यांना जोडणारा धागा तुटला. करारात ही चार कलमं सुटी कधीच नसतात. "जर", "परंतु" आणि "या अटीवर" हे शब्द आले की ते कोणत्या पानाकडे बोट दाखवतात ते पाहावं, आणि ती अट तिथून उचलून संबंधित ओळीतच लिहावी, वेगळ्या खान्यात नाही.

गॅरंटीबाबत आणखी काही प्रश्न विचारावेच लागतात. दिवस जॉइनिंगपासून मोजायचे की ऑफर स्वीकारल्यापासून? आणि शेवट कशाने धरायचा? समजा उमेदवाराने ऐंशीव्या दिवशी राजीनामा दिला आणि पंधरा दिवसांची नोटीस पूर्ण करून गेला. "सेवेत राहिला नाही तर" असे शब्द असतील तर तो पंचाण्णवाव्या दिवशी गेला, गॅरंटी हुकली. "राजीनामा दिला तर" असे असतील तर आपण वाचलो. मग कारणं. स्वतःहून गेला किंवा काम जमलं नाही म्हणून काढला, तर रिप्लेसमेंट सहसा मिळते. कंपनीने पदच रद्द केलं, काम बदललं किंवा बदली केली, तर मिळत नाही. मॅनेजरला रुजू झाल्यावर दुसऱ्याच लाइनवर टाकण्याची सवय हेडसाहेबांना होती, त्यामुळे ही ओळ त्यांच्यासाठीच होती. आणि रिप्लेसमेंट म्हणजे पैसे परत नव्हेत. माणूस एकदाच शोधून देणार, ठरलेल्या मुदतीत नाही सापडला तर काय, हे करारात लिहिलेलं नसेल तर सारांशात "लिहिलेलं नाही" असंच लिहावं. रिकामी जागा ही वाचणाऱ्यासाठी माहितीच असते.

एक्स्क्लुझिव्हिटीबद्दल थोडक्यात सांगतो. पंचेचाळीस दिवस ही जागा दुसऱ्या एजन्सीला द्यायची नाही, इतकं सगळ्यांना समजतं. खरं जाळं त्याच्या शेजारी असतं: एजन्सीने ज्याचा बायोडेटा पाठवला, तो बारा महिने "त्यांचा" उमेदवार. त्याला आपण वर्षभरात दुसऱ्या पदावर घेतलं, किंवा समूहातल्या दुसऱ्या कंपनीने घेतलं, तरी फी लागू. हे हायरिंग मॅनेजरला माहीत हवं, कारण "अहो, हा तर माझ्या ओळखीचा आहे, थेट बोलावतो," हे वाक्य त्याच्याच तोंडी येतं. नाव आपल्याकडे आधीपासून असेल तर बायोडेटा आल्यावर करारात दिलेल्या दिवसांत लेखी कळवावं. तोंडी सांगितलेलं नंतर कामाला येत नाही.

पैशांच्या मुदतीत एक कायदाही डोकावतो. एजन्सी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करारातही पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. साठ दिवसांची उधारी करारात छापली म्हणून ती मिळत नाही, आणि उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही चक्रवाढ. त्यामुळे बिलाच्या मुदतीबरोबर एजन्सीचा उद्यम नोंदणी क्रमांकही पाहून ठेवतो.

आज तोच करार मी असा लिहितो: "फी १८ लाखांवर ८.३३ टक्के, म्हणजे १,४९,९४० अधिक जीएसटी (कलम २ आणि ५). गॅरंटी १ सप्टेंबरपर्यंत, पण बिल ३ जुलैच्या आत भरलं तरच (कलम ७ आणि १४). काम बदललं तर गॅरंटी नाही. पाठवलेल्या प्रत्येक नावावर एजन्सीचा हक्क बारा महिने." तारखा जॉइनिंगच्या दिवशी भरतो, कारण "नव्वद दिवस" कोणी कॅलेंडरवर मोजत बसत नाही. कलम क्रमांक असतात म्हणून शंका आली की मूळ पान उघडता येतं.

पुढच्या करारात आम्ही एक शब्द बदलून घेतला. "गॅरंटी रद्द" ऐवजी "पैसे मिळेपर्यंत गॅरंटी स्थगित". बाई लगेच तयार झाल्या, पण बदल्यात बिलाची मुदत तीसवरून पंधरा दिवसांवर आणली. हेडसाहेबांनी सही करण्यापूर्वी विचारलं, "व्हेंडर कोड निघालाय का?"