कापार्रा म्हणजे डिपॉझिट नव्हे

समजा, मिलान शहरात खानावळ काढायला एका मराठी माणसाने गाळा पाहिला आणि इटालियन कराराचा मराठी अनुवाद मागवला. सुरुवातीलाच ‘कानोने’ हा शब्द येतो. त्याला ‘भाडे’ म्हणायला हरकत नाही, मात्र त्यापुढचे विशेषण वाचायला हवे. व्यापारी करारांत बहुधा वार्षिक कानोने लिहितात आणि ते मासिक हप्त्यांत भरायचे असते. २४,००० युरो हा आकडा म्हणजे महिना २,००० युरो. ‘वार्षिक’ हा शब्द गळाला, तर भाडेकरू आकडा पाहूनच मागे फिरेल.

खरी अडचण ‘कापार्रा’पाशी आहे. गाळा पसंत पडला की करार होण्याआधी दिलेल्या ४,००० युरोंना करारपत्रात ‘कापार्रा कॉन्फेर्मातोरिया’ म्हटले असेल, तर इटालियन दिवाणी संहितेचे कलम १३८५ लागू होते. भाडेकरूने शब्द मोडला, तर मालक व्यवहारातून बाहेर पडून ती रक्कम ठेवून घेऊ शकतो. मालकाने मोडला, तर भाडेकरू बाहेर पडून दुप्पट, म्हणजे ८,००० युरो मागू शकतो. व्यवहार पार पडला, तर रक्कम परत मिळते किंवा भाड्यात वळती होते. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘इसार’. पण आपल्याकडे इसार म्हटल्यावर दुप्पट परतफेड आपोआप गृहीत धरली जात नाही, म्हणून अनुवादात ‘इसार (कापार्रा)’ लिहून तळटीपेत हा परिणाम सांगावा, असे माझे ठाम मत आहे. कलम १३८६ मधला ‘कापार्रा पेनितेन्त्सियाले’ आणखी निराळा. तिथे माघार घेण्याचा हक्कच दिलेला असतो आणि कापार्रा ही त्या माघारीची किंमत असते. दोन्हींना नुसते ‘इसार’ म्हटले, तर भाडेकरूला माघारीचा हक्क आहे की नाही हेच कळणार नाही.

‘देपोझितो काउत्सियोनाले’ म्हणजे आपली अनामत किंवा डिपॉझिट. भाडे थकले किंवा गाळ्याची नासधूस झाली, तर ती हमी असते. १९७८ च्या ३९२ क्रमांकाच्या कायद्याने तिला तीन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे. आपल्या उदाहरणात ती ६,००० युरो होते. शिवाय तिच्यावरचे कायदेशीर व्याज दर वर्षाच्या शेवटी भाडेकरूला द्यायचे असते.

गोंधळ इटलीतही आहे. बोलताना लोक डिपॉझिटलाही सर्रास कापार्रा म्हणतात आणि घाईत लिहिलेल्या करारांतही तोच शब्द उतरतो. अशा वेळी नावापेक्षा त्या कलमातला व्यवहार पाहावा. पैसे करार ठरण्यापूर्वी दिले की किल्ल्या घेताना? शब्द मोडल्यावर काय व्हायचे आहे? ‘तीन महिन्यांच्या भाड्याइतका कापार्रा, गाळा सोडताना नुकसान वजा करून परत’ असे असेल, तर ती अनामतच. अनुवादकाने तसे लिहावे, मूळ शब्द टिपेत द्यावा आणि सही होण्यापूर्वी तो शब्द बदलून घ्यावा असे भाडेकरूच्या वकिलाला कळवावे.